फांदीला लागलेला ड्रोन आणि दाव्याचं पत्र

डिसेंबरमधला एक रविवार, दुपार कलायला लागलेली. वाईजवळ कृष्णेकाठच्या एका शेतात लग्नाआधीचं चित्रीकरण चाललं आहे. नवरानवरी काठाकाठाने चालत आहेत आणि छायाचित्रकार ड्रोन त्यांच्या चालीने डावीकडे सरकवतो आहे. त्याचे डोळे पडद्यावरच्या चौकटीत, जोडप्यावर आहेत. बाभळीची फांदी त्या चौकटीच्या बाहेर आहे. एक खट्ट आवाज होतो आणि नऊ मीटरवरून ड्रोन काठावरच्या गोट्यांत येऊन पडतो. एक हात तडकलेला, कॅमेरा धरून ठेवणारा गिम्बल वाकडा, दोन पंखे तुटलेले.

हा प्रसंग उदाहरणादाखल रचलेला आहे, पण त्यातलं काहीही दुर्मीळ नाही. ड्रोन उडवणाऱ्या कुणालाही विचारावं, त्याच्याकडे असा एक किस्सा असतोच. या छायाचित्रकाराने स्टुडिओतल्या साहित्यासाठी ऑल रिस्क पॉलिसी घेतलेली होती आणि तिच्या यादीत ड्रोनही होता. घरी आल्यावर त्याने विमा कंपनीला पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा असा उतरला:

“दि. 14 रोजी शूटिंग चालू असताना ड्रोनमध्ये अचानक तांत्रिक बिघाड होऊन तो खाली पडला व त्याचे मोठे नुकसान झाले आहे. तरी कृपया पॉलिसीनुसार नुकसानभरपाई मिळावी, ही नम्र विनंती.”

अशी पत्रं बहुतेक जण लिहितात. दिसायला ते सभ्य आणि नेमकं आहे. पण त्यातल्या ‘तांत्रिक बिघाड’ या दोन शब्दांनी लिहिणाऱ्याने आपला दावा स्वतःच्या हाताने पॉलिसीबाहेर नेऊन ठेवला आहे.

हे कळण्यासाठी ‘ऑल रिस्क’ या नावाचा अर्थ नीट पाहावा लागतो. आगीचा किंवा चोरीचा विमा ठरावीक संकटांची यादी करतो आणि त्या यादीतलं संकट आलं तरच पैसे देतो. ऑल रिस्क पॉलिसीत मांडणी उलटी असते. नेमका कोणता अपघात, हे ती सांगत नाही. अचानक, बाहेरून, अनपेक्षितपणे वस्तूचं नुकसान झालं की ते तिच्यात बसतं, आणि मग काय काय बसत नाही याची यादी ती वेगळी देते. या वगळलेल्या गोष्टींत जवळजवळ प्रत्येक पॉलिसीत दोन ओळी सापडतात. एक, वापरामुळे होणारी झीज. दुसरी, यंत्राच्या आतला यांत्रिक किंवा विजेचा बिघाड.

म्हणजे मोटर आपोआप बंद पडून ड्रोन कोसळला तर तो यंत्राचा आतला बिघाड. फांदी लागून कोसळला तर तो बाहेरचा अपघात. दोन्ही वेळा हातात येणारा ड्रोन सारखाच मोडलेला असतो, पण एका कारणासाठी पैसे मिळतात आणि दुसऱ्यासाठी मिळत नाहीत. आपल्या छायाचित्रकाराचा ड्रोन फांदीला लागला होता. ‘तांत्रिक बिघाड’ हे त्याने केवळ कानावरून गेलेलं, जरा भारदस्त वाटणारं कारण म्हणून लिहिलं. खरं बोलायचं तर थोडा संकोचही होता. फांदी दिसली नाही असं लिहिलं, तर चूक आपली ठरेल अशी त्याला भीती वाटली.

ही भीती अनाठायी आहे. विम्याच्या कायद्याने हा प्रश्न फार पूर्वी हाताळला आहे. पॅटागोनियातून इंग्लंडला निघालेली लोकर वाटेत भिजली आणि तिच्या विम्याचा वाद ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. 1921 सालच्या त्या निकालात ऑल रिस्क या शब्दांचा अर्थ ठरला, आणि जगभरच्या विमा व्यवहारात तो आजही आधाराला घेतला जातो. त्याचं सार असं. ऑल रिस्क म्हणजे अपघाताने झालेलं कोणतंही नुकसान. जे होणारच होतं, म्हणजे झीज किंवा वस्तूच्या मूळ गुणधर्मामुळे आलेली खराबी, ते त्यात येत नाही. आणि विमा घेणाऱ्याने अपघाताचा प्रत्येक बारकावा सिद्ध करावा अशी अपेक्षा नाही. नुकसान काहीतरी अकस्मात घडून झालं आहे हे त्याने सयुक्तिकपणे दाखवावं. ते वगळलेल्या यादीत मोडतं असं कंपनीला म्हणायचं असेल, तर ते दाखवण्याचं ओझं कंपनीवर.

आणि साधी चूक तर विम्याच्या पोटातच असते. माणसाकडून चुका होतात म्हणूनच तो विमा काढतो. पॉलिसी ज्याला नकार देते ते जाणूनबुजून केलेलं नुकसान आणि ढळढळीत बेपर्वाई. वादळी वाऱ्याचा इशारा पडद्यावर लाल अक्षरांत दिसत असताना ड्रोन समुद्रावर नेणं आणि बाजूची फांदी नजरेतून सुटणं, यांत फरक आहे. तो फरक पत्रातल्या प्रामाणिक वर्णनातूनच दिसतो.

प्रामाणिकपणाचं एक व्यवहारी कारणही आहे. मोडलेला कॅमेरा किंवा लॅपटॉप आपल्या अपघाताबद्दल फारसं काही सांगू शकत नाही. ड्रोन सांगतो. बहुतेक कॅमेरा ड्रोन प्रत्येक उड्डाणाची नोंद स्वतःहून ठेवतात. ही नोंद, म्हणजे फ्लाइट लॉग, मोबाइलमधल्या ॲपमध्ये असते आणि अधिक तपशिलाची ड्रोनच्या पोटात. उंची, वेग, जागा, बॅटरी, पडद्यावर आलेले इशारे, सगळं त्यात क्षणाक्षणाला उमटतं. चालवणाऱ्याने रिमोटवरची काडी कोणत्या बाजूला किती ढकलली होती, हेही त्यात असतं. “अचानक वाऱ्याचा झोत आला” असं कुणी लिहिलं आणि लॉगमध्ये वाऱ्याचा मागमूस नसून काडी डावीकडे पूर्ण ढकललेली दिसली, तर ते पत्र तिथेच संपतं. विमा हा परस्पर विश्वासावर उभा असलेला करार आहे. दाव्यात जाणूनबुजून खोटं सांगितल्याचं दिसलं, तर मूळ नुकसान खरं असूनही सगळा दावा जाऊ शकतो.

म्हणून पत्राआधी लॉग. ड्रोन पडल्यावर पहिल्या तासात काय केलं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. पडलेल्या जागी, उचलण्याआधी, ड्रोनचे फोटो काढावेत. मग फांदीचे, आणि ड्रोन व फांदी दोन्ही एकाच चौकटीत येतील असे. कार्डावरचं चित्रण तसंच जपावं. त्यातल्या शेवटच्या दोन-तीन सेकंदांत पानं चौकटीत शिरताना दिसली तर त्याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. ॲपमधली त्या उड्डाणाची नोंद लगेच बाहेर काढून दुसऱ्या जागी साठवावी, कारण ॲप पुन्हा टाकताना किंवा फोन बदलताना ती हमखास हरवते. ड्रोन पुन्हा चालू करून पाहण्याचा मोह टाळावा. पाण्यात पडलेल्या ड्रोनची बॅटरी काढून तो तसाच ठेवावा. सुकवून, चालू करून पाहताना आतलं जळलं, तर नुकसान पाण्याने किती आणि नंतरच्या खटाटोपाने किती, हा नवा वाद उभा राहतो. फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये, ती पेट घेऊ शकते. आणि कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडून ड्रोन उघडून घेऊ नये. कंपनीचा माणूस पाहीपर्यंत मोडलेली वस्तू हाच पुरावा असतो.

कंपनीला कळवण्याची पहिली पायरी पत्राची नसते. पॉलिसीवरच्या नंबरवर किंवा ॲपवर त्याच दिवशी घटना कळवायची आणि दाव्याचा क्रमांक घ्यायचा. उशीर झाला म्हणून खरा दावा यांत्रिकपणे फेटाळू नये, असं विमा नियामकाने 2011च्या परिपत्रकात कंपन्यांना बजावलेलं आहे, पण उशिराचं कारण सांगत बसण्यापेक्षा फोन करणं सोपं. ड्रोनच्या अपघातासाठी आणखी एक मुदत आहे. 2021च्या ड्रोन नियमांनुसार अपघात झाल्यास चालकाने तो 48 तासांत डिजिटल स्काय या सरकारी मंचावर कळवायचा असतो. हे केलेलं असेल तर त्याची पोच पत्राला जोडता येते.

आता खरेदीच्या पुराव्याकडे. ड्रोनच्या दाव्यांत इथेच अनेकांचा पाय अडकतो, आणि त्याचं कारण बाजारात आहे. परदेशी बनावटीच्या तयार ड्रोनच्या आयातीवर भारत सरकारने 9 फेब्रुवारी 2022 रोजी बंदी घातली. संशोधन, संरक्षण, सुरक्षा अशा मोजक्या कारणांसाठी तेवढी परवानगीने मुभा राहिली. लग्नाच्या छायाचित्रकारांना हवे असलेले ड्रोन तर बहुतेक परदेशीच. त्यामुळे “बिल नाही, पण माल ओरिजिनल” असा बाजार वाढला. कुणी परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेतून ड्रोन आणला, कुणी ओळखीच्या दुकानातून रोखीने घेतला. उडवताना त्याचं काही वाटत नाही. दावा करताना वाटतं, कारण विमा कंपनीला तीन गोष्टी हव्या असतात: ही वस्तू तुमची आहे का, ती कायदेशीर मार्गाने आली का आणि तिची किंमत काय. बिलाशिवायच्या ड्रोनला तिन्हींचं उत्तर देता येत नाही.

आपल्या छायाचित्रकाराने ड्रोन 18 जानेवारी 2022 रोजी, बंदीच्या तीन आठवडे आधी, पुण्याच्या दुकानातून जीएसटी बिलावर घेतला होता. रिमोट आणि तीन बॅटऱ्यांसह 78,000 रुपये. बिलावर ड्रोनचा अनुक्रमांक छापलेला होता. हा अनुक्रमांक म्हणजे सिरियल नंबर, आणि दाव्यात त्याचं वजन किंमतीपेक्षाही जास्त असतं. ड्रोनवर तो बहुधा बॅटरीच्या कप्प्यात किंवा अंगावर बारीक अक्षरांत असतो. रिमोटचा वेगळा, बॅटरीचा वेगळा. बिलावर, पॉलिसीच्या यादीत, ड्रोनच्या सरकारी नोंदणीत आणि हातातल्या मोडक्या ड्रोनवर एकच क्रमांक असला पाहिजे. एखाद्या दुरुस्तीत कंपनीच्या केंद्राने जुना ड्रोन ठेवून घेऊन बदली ड्रोन दिला असेल तर क्रमांक बदललेला असतो आणि मालकाच्या ते लक्षातही नसतं. अशा वेळी केंद्राने दिलेला कागद बिलासोबत जोडायचा. तो कागद नसेल तर कंपनीच्या दृष्टीने विमा एका ड्रोनचा आणि अपघात दुसऱ्याच ड्रोनचा होतो.

ड्रोन जुना घेतला असेल तरी दावा अशक्य नाही. मूळ मालकाचं बिल, त्याच्याशी झालेला साधा लेखी करार आणि बँकेतून पैसे गेल्याची नोंद, असे तीन दुवे एकाला एक जोडून दाखवता येतात. बिल बायकोच्या किंवा भागीदाराच्या नावावर आणि पॉलिसी स्टुडिओच्या नावावर असेल, तर तो फरक पत्रातच एका वाक्यात स्पष्ट करावा. विचारल्यावर सांगण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं. स्टुडिओने बिलावरच्या जीएसटीची वजावट आधीच घेतली असेल तर कंपनी ती रक्कम पुन्हा देत नाही. दाव्याचा आकडा कराशिवाय लिहावा.

दुसरा कायदेशीर प्रश्न वजनाचा. भारतात 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ आणि त्यापुढे दोन किलोपर्यंतचा ‘मायक्रो’. मायक्रो ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर चालकाकडे रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. नॅनोसाठी लागत नाही. म्हणूनच 249 ग्रॅमचे ड्रोन इतके खपतात. पण यात एक बारीक खाच आहे. काही हलक्या ड्रोनना जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी बसते, आणि ती बसवली की वजन 250च्या वर, काहींत 290 ग्रॅमच्या आसपास जातं. पंख्यांभोवतीचं संरक्षक कडं लावलं तरी तोच परिणाम. त्या उड्डाणापुरता ड्रोन मायक्रो होतो आणि प्रमाणपत्राचा प्रश्न उभा राहतो. दावा पाहणारा जाणकार असेल तर तो बॅटरीच्या मागचा क्रमांक पाहूनच हे ओळखतो. म्हणून पत्रात उड्डाणाच्या वेळची बॅटरी कोणती हे लिहावं. लग्नाचं पैसे घेऊन केलेलं चित्रीकरण हा व्यवसाय आहे. ते ‘हौशी उड्डाण’ म्हणून दाखवू नये. पॉलिसी घेतानाही व्यावसायिक वापर सांगितलेला असणं गरजेचं आहे.

पॉलिसीच्या यादीत ड्रोनचं नाव आहे म्हणजे तो हवेत असतानाही विमा लागू आहे, असं धरून चालता येत नाही, हेही इथेच सांगितलं पाहिजे. साहित्याच्या अनेक पॉलिसींत विमानं आणि हवेत उडणारी साधनं वगळलेली असतात. ड्रोन पिशवीत असताना चोरीला गेला तर भरपाई, उडताना पडला तर नाही, अशीही कलमं असतात. ‘उड्डाणादरम्यानचं नुकसान समाविष्ट’ असं वाक्य किंवा जोडकलम पॉलिसीत शोधावं आणि सापडलं की त्याचा क्रमांक पत्रात द्यावा.

एवढं सगळं हाताशी घेऊन आपला छायाचित्रकार पुन्हा लिहायला बसला. दुसरं पत्र असं झालं:

“दिनांक 16 डिसेंबर 2025

प्रति, दावे विभाग.

विषय: ऑल रिस्क पॉलिसीअंतर्गत कॅमेरा ड्रोनच्या अपघाती नुकसानीचा दावा. पॉलिसी क्रमांक आणि दाव्याचा क्रमांक सोबतच्या पहिल्या पानाप्रमाणे.

महोदय,

वरील पॉलिसीच्या परिशिष्टात अनुक्रम 4 वर नोंदवलेल्या ड्रोनचे दि. 14 डिसेंबर 2025 रोजी सायंकाळी 5 वाजून 4 मिनिटांनी अपघाताने नुकसान झाले. त्याच दिवशी रात्री 8 वाजता मी ही घटना आपल्या मदत क्रमांकावर कळवली.

घटना: वाईजवळ कृष्णा नदीकाठच्या खासगी शेतात, शेतमालकाच्या लेखी परवानगीने, लग्नापूर्वीचे व्यावसायिक चित्रीकरण सुरू होते. जागा डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरव्या क्षेत्रात आहे. ड्रोनला मूळची लहान बॅटरी बसवलेली होती व वजन 249 ग्रॅम होते. उड्डाण 4 वाजून 52 मिनिटांनी सुरू झाले. ड्रोन सुमारे 9 मीटर उंचीवर होता आणि मी तो सावकाश डावीकडे सरकवत होतो. माझे लक्ष पडद्यावरील जोडप्याकडे असल्याने डाव्या बाजूची बाभळीची फांदी माझ्या वेळेत लक्षात आली नाही. या ड्रोनला बाजूचे अडथळे ओळखणारे सेन्सर नाहीत. फांदीला लागताच ड्रोन काठावरील दगडांवर पडला. धडकेपूर्वी पडद्यावर कोणताही इशारा आला नव्हता आणि बॅटरी 61 टक्के होती. कोणासही इजा झाली नाही, इतर मालमत्तेचे नुकसान झाले नाही.

नुकसान: पुढील डावा हात तडकला आहे. गिम्बल वाकला असून कॅमेरा स्थिर राहत नाही. दोन पंखे तुटले आहेत. रिमोट व बॅटऱ्या सुस्थितीत आहेत आणि त्यांचा दावा मी करत नाही. अपघातानंतर ड्रोन चालू केलेला नाही, उघडलेला नाही. तो माझ्या स्टुडिओत पाहणीसाठी उपलब्ध आहे.

रक्कम: अधिकृत दुरुस्ती केंद्राच्या अंदाजपत्रकानुसार, कर वगळून, 36,000 रुपये.

सोबत: दि. 18 जानेवारी 2022 चे खरेदी बिल व पैसे भरल्याची बँक नोंद, ड्रोनच्या अनुक्रमांकाचा फोटो, नोंदणीचा कागद, उड्डाणाचा लॉग, कार्डावरील मूळ चित्रण, घटनास्थळाचे सहा फोटो, शेतमालकाचे परवानगीपत्र, डिजिटल स्कायवर कळवल्याची पोच आणि दुरुस्तीचे अंदाजपत्रक.

वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. आणखी काही कागद हवे असल्यास ते लेखी कळवावेत.”

हे पत्र एका पानात मावतं. त्यात विनवणी नाही आणि कायद्याची धमकीही नाही. पण त्यातलं प्रत्येक वाक्य कशाला ना कशाला बांधलेलं आहे. 9 मीटर ही उंची लॉगमधून आली आहे, अंदाजाने नाही. “डावीकडे सरकवत होतो” हे लॉगमधल्या काडीच्या नोंदीशी जुळतं. “इशारा आला नव्हता” आणि “बॅटरी 61 टक्के” या दोन तपशिलांनी आतल्या बिघाडाची शंका विचारण्याआधीच दूर होते. आणि “लक्षात आली नाही” हे कबूल केल्याने पुढचं सगळं विश्वासार्ह वाटतं.

यातली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. छायाचित्रकाराने डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं लिहिलं, कारणाचा तर्क केला नाही. समजा, फांदी नव्हतीच. ड्रोन मोकळ्या आकाशात एकाएकी गिरकी घेऊन पडला आणि का पडला ते कळलं नाही. तर तेवढंच लिहावं: “ड्रोन उजवीकडे कलला, दोनदा फिरला आणि खाली आला. त्या वेळी मी काडी सोडलेली होती. कारण मला माहीत नाही, लॉग सोबत आहे.” कारण शोधणं हे सर्व्हेअरचं आणि दुरुस्ती केंद्राचं काम आहे. तपासात खरोखरच मोटरचा दोष निघाला तर ऑल रिस्क पॉलिसी बहुधा हात वर करेल, आणि मग वॉरंटी शिल्लक असल्यास उत्पादकाकडे जावं लागेल. ते वाईट आहे, पण शब्द फिरवून त्यावर उपाय होत नाही.

ड्रोन सापडलाच नाही, धरणात किंवा दरीत गेला, तर प्रकरण वेगळं. कारण न सांगता येणारी हरवणूक अनेक पॉलिसींत वगळलेली असते. तिथे लॉगमधली शेवटची जागा, शोध घेतल्याचे फोटो आणि पोलिसांतली नोंद यांवरच सगळं उभं राहतं.

पत्र गेल्यानंतरची घड्याळंही माहीत असावीत. नियामकाच्या जून 2024च्या मुख्य परिपत्रकानुसार, सर्व्हेअर नेमायचा असेल तर कंपनीने तो दावा कळल्यापासून 24 तासांत नेमावा, त्याने 15 दिवसांत अहवाल द्यावा आणि अहवालानंतर कंपनीने सात दिवसांत निर्णय कळवावा. कागद अपुरे आहेत एवढ्यावरून दावा फेटाळू नये, असंही त्यात आहे. वाहनाखेरीजच्या एक लाखापेक्षा कमी नुकसानीला परवानाधारक सर्व्हेअर सक्तीचा नाही. त्यामुळे 36,000 रुपयांच्या दाव्यात कंपनी बऱ्याचदा फोटो आणि अंदाजपत्रक पाहूनच निर्णय घेते. अशा वेळी पत्र आणि फोटो हेच सर्व्हेअरचे डोळे होतात.

आता हिशेब, कारण इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. दुरुस्ती 36,000 रुपयांची, पण छायाचित्रकाराच्या हाती तेवढे येत नाहीत. त्याने ड्रोनचा विमा 2022च्या बिलाच्या किंमतीवर, म्हणजे 78,000 रुपयांवर काढला होता आणि दर वर्षी तोच आकडा पुढे चालवला. त्याची पॉलिसी मात्र तशीच वस्तू आज नवी घ्यायला जे पडेल ते मूल्य धरते, आणि ते समजा 1,04,000 रुपये झालं आहे. म्हणजे त्याने तीन चतुर्थांश किंमतीचाच विमा काढला होता. अशा वेळी कंपनी उरलेल्या एक चतुर्थांश भागापुरता तो स्वतःच विमेदार आहे असं मानते आणि नुकसानीचा तीन चतुर्थांश भागच देते. 36,000चे झाले 27,000. त्यातून प्रत्येक दाव्यात स्वतः सोसायची ठरलेली वजावट, त्याच्या पॉलिसीत 2,500 रुपये, गेली. उरले 24,500.

ही कपात अन्यायाची वाटते, पण ती करारातच लिहिलेली असते आणि पत्र कितीही चांगलं असलं तरी तिच्यापुढे त्याचं चालत नाही. नूतनीकरणाच्या वेळी आजची किंमत तपासून विम्याचा आकडा वाढवणं, एवढाच त्यावरचा उपाय आहे. हप्त्यात पडणारा फरक 9,000 रुपयांच्या या तुटीपुढे क्वचितच मोठा असतो.

दावा फेटाळला गेला, किंवा फारच कमी रक्कम आली, तर आधी कारण लेखी मागावं. हे महत्त्वाचं आहे. फेटाळण्याच्या पत्रात जे कारण दिलं त्याच्या पलीकडे जाऊन कंपनीला नंतर नवी कारणं पुढे करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात म्हटलं आहे. सर्व्हेअरचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही, हेही त्याच न्यायालयाने 2009 साली प्रदीपकुमार प्रकरणात सांगितलं. कारण हातात आल्यावर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहावं. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. एकट्या मालकीचा व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्याही तक्रारी तिथे चालतात, 50 लाखांपर्यंतच्या भरपाईचा निर्णय होतो, शुल्क नाही आणि वकील लागत नाही. मात्र कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जावं लागतं. तिथेही पहिला कागद मागितला जातो तो हेच दाव्याचं पत्र.

ज्यांचा ड्रोन आज धडधाकट आहे त्यांनी तो पिशवीतून काढून त्याच्या अनुक्रमांकाचा स्पष्ट फोटो घ्यावा आणि तो बिलाशी व पॉलिसीच्या यादीशी अक्षर अक्षर जुळवून पाहावा. एखादं अक्षर जरी चुकलेलं असेल तरी विमा कंपनीला दुरुस्तीसाठी लगेच लिहावं. अपघाताआधी ही दुरुस्ती एका ईमेलने होते. अपघातानंतर तीच मागणी संशयाने पाहिली जाते.